जास्तीचं पोलाद कुठून आलं?

मार्चअखेर जवळ आली की चाकण, भोसरी, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत मोजदाद सुरू होते. एरवी हिशेबाच्या खात्यात बसणारी मंडळी हातात पॅड आणि खडू घेऊन रॅकांमधून फिरतात, मोजून झालेल्या पेट्यांवर खुणा करतात. संध्याकाळी आकडे संगणकाशेजारी ठेवले जातात. एका रकान्यात ईआरपीचा, म्हणजे संगणकातला साठा, दुसऱ्यात प्रत्यक्ष मोजलेला आणि तिसऱ्यात तफावत. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे शून्य असलेला कारखाना अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. ती शून्यं तशी दिसलीच, तर मला आधी मोजणाऱ्यांचा संशय येईल. त्यांनी संगणकातले आकडेच तक्त्यात उतरवले असण्याची शक्यता जास्त.

म्हणूनच मोजणीच्या तक्त्यावर संगणकातला आकडा छापायचा नसतो. मोजणाऱ्याला वस्तूचं नाव, तिची जागा आणि एकक एवढंच दिसलं पाहिजे. ‘इथं चारशे असायला हवेत’ हे आधी कळलेल्या माणसाला ३८७ नग मोजून झाल्यावर उरलेले तेरा कुठे ना कुठे दिसतातच.

ही तफावत मिटवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गाला दोन मिनिटं लागतात. संगणकाला सांगायचं, ‘तुझा आकडा खोड आणि मोजलेला घे.’ सॅपमध्ये हे काम `MI07` या व्यवहारातून होतं. साठा वाढला तर ७०१ आणि घटला तर ७०२ या प्रकाराखाली नोंद पडते. टॅलीत फिजिकल स्टॉक व्हाउचर आहे. दुसऱ्या मार्गाला दोन-चार दिवस लागतात, कारण त्यात प्रत्येक तफावतीमागचा हरवलेला कागद शोधावा लागतो. ऑडिटर उद्या येणार असला की बहुतेक जण पहिल्या मार्गाने जातात. तो मार्ग किती महागात पडतो, ते दोन वस्तूंच्या हिशेबातून पाहू. कारखाना आणि आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असे घोळ कुठल्याही वसाहतीत सापडतील.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना घ्या. त्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचा गोल पोलादी बार. ३१ मार्चला संगणकात त्याचा साठा आहे ८,९०५ किलो. मोजणीत बार भरले ५००, प्रत्येक सहा मीटर लांबीचा. बारांचं वजन काढायचं सूत्र वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठ असतं. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. ६२५ भागिले १६२ म्हणजे ३.८५८. सहा मीटरच्या बारचं वजन झालं २३.१५ किलो आणि पाचशे बारांचं ११,५७५ किलो. म्हणजे संगणकापेक्षा प्रत्यक्षात २,६७० किलो माल जास्त.

माल जास्त भरला की ऑफिसात कुणाला फारशी चिंता वाटत नाही. कमी भरला तर चोरीचा विषय निघतो, स्टोअरकीपरला केबिनमध्ये बोलावलं जातं. जास्तीबद्दल कुणी कुणाला बोलावत नाही. माझ्या मते इथेच पहिली चूक होते. पोलाद आपोआप वाढत नाही. ते फाटकातूनच आत आलेलं असणार आणि कुठल्या तरी वहीत त्याची नोंद असणार.

ती वही म्हणजे सुरक्षारक्षकाकडचं गेट रजिस्टर. गाडी आत आली की तो गाडीचा नंबर, पुरवठादाराचं नाव, चलन क्रमांक आणि वेळ लिहून घेतो. मग गाडी काट्यावर जाते, माल उतरतो, स्टोअरवाले तो तपासतात आणि खरेदीच्या ऑर्डरच्या आधाराने संगणकात मालपावती, म्हणजे जीआरएन, करतात. संगणकातला साठा वाढतो तो या शेवटच्या पायरीला. माल उतरल्यापासून ही पायरी होईपर्यंत तो कारखान्यात असतो, पण संगणकाच्या लेखी नसतो. साधारणपणे हा काळ एखाद्या तासाचा. कधी कधी मात्र तो आठवड्याचा होतो.

आपल्या उदाहरणात ३० मार्चच्या संध्याकाळी एक गाडी आल्याची नोंद रजिस्टरमध्ये आहे. तिच्यात १३० बार होते आणि काटापावतीवर निव्वळ वजन होतं ३,०४५ किलो. या नोंदीसमोर जीआरएन क्रमांकाचा रकाना मोकळा आहे. ऑर्डर होती २,५०० किलोची. ऑर्डरपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत जास्त माल घ्यायची मुभा संगणकात दिलेली, म्हणजे मर्यादा २,७५० किलोची. पुरवठादाराने बंडल न फोडता पाठवून दिलं, त्यामुळे संगणक पावती घेईना. ऑर्डर वाढवून द्यायची तर ते खरेदी अधिकाऱ्याचं काम आणि साहेब रजेवर. स्टोअरवाल्यांनी बार उतरवून घेतले, चलन ट्रेमध्ये ठेवलं आणि म्हणाले, ‘साहेब आले की करू.’ दुसऱ्या दिवशी मोजणारे आले. त्यांना ट्रेमधलं चलन दिसायचं कारण नव्हतं. रॅकवर बार दिसले, ते त्यांनी मोजले.

आता ही पावती केली असं धरू. संगणकातला साठा ८,९०५ वरून ११,९५० किलो होतो. मोजलेला माल तर ११,५७५ किलोच आहे. म्हणजे २,६७० किलो जास्त वाटणारा माल प्रत्यक्षात ३७५ किलोने कमी आहे. एका मोठ्या जास्तीच्या चुकीखाली एक छोटी कमतरता झाकली गेली होती.

मुळात कुणी घाईने २,६७० किलोची वाढ संगणकात टाकली असती तर काय झालं असतं? ३१ मार्चला दोन्ही आकडे जुळले असते, सगळे वेळेत घरी गेले असते. तीन-चार दिवसांनी रजेवरचे साहेब आले असते आणि त्यांनी ऑर्डर वाढवून दिली असती. स्टोअरवाल्यांनी ट्रेमधलं चलन काढून ३,०४५ किलोची पावती केली असती. तेच पोलाद दोनदा साठ्यात आलं असतं. पुढच्या मोजणीत जवळपास तीन टन माल कमी भरला असता आणि या वेळी स्टोअरकीपरला नक्कीच बोलावणं आलं असतं. त्या बिचाऱ्याने नियमाप्रमाणे पावती केली, एवढाच त्याचा दोष. अनेक कारखान्यांत एका वर्षी माल जास्त आणि पुढच्या वर्षी जवळजवळ तेवढाच कमी असा खेळ चालतो, त्याच्या मुळाशी बहुधा हेच असतं.

उरलेल्या ३७५ किलोंचा शोध स्टोअरच्या दुसऱ्या टोकाला, माल बाहेर पडतो तिथे घ्यायचा. ३१ तारखेला पहाटे रात्रपाळीच्या सुपरवायझरने दहा बार कटिंगला नेले. इश्यू स्लिपवर सही आहे आणि वजन लिहिलंय २३५ किलो. स्लिप खिळ्याला अडकवलेली होती, संगणकात तिची नोंद झालीच नव्हती. ती केल्यावर उरतात १४० किलो.

या १४० किलोंसाठी कुठलाच कागद सापडत नाही. इथे मोजण्याच्या पद्धतीकडेच वळावं लागतं. पोलाद विकत घेतलं ते काट्यावरच्या वजनाने आणि मोजलं ते सूत्राने. सूत्र धरून चालतं की व्यास बरोबर २५ मिलिमीटर आहे. रोलिंग मिलमधून येणारा बार इतका काटेकोर नसतो. त्याच्या व्यासात अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे सर्रास चालतं. व्यास २५ ऐवजी २५.१५ असला तरी वजन एक टक्क्याहून जास्त वाढतं, कारण सूत्रात व्यासाचा वर्ग आहे. मग दहा बार काट्यावर ठेवून पाहिले. सरासरी आली २३.४२ किलो. म्हणजे दर बारमागे २७० ग्रॅम सूत्राच्या हिशेबातून सुटले होते. पाचशे बारांचे झाले १३५ किलो.

उरले पाच किलो. आता ही पाच किलोंची घट बिनधास्त नोंदवावी, कारणाच्या रकान्यात ‘कारण सापडलं नाही’ असं लिहावं आणि पुढच्या वस्तूकडे वळावं. सुरुवातीची तफावत २,६७० किलोंची होती हे लक्षात घेतलं तर या पाच किलोंवर आणखी एक दिवस घालवणं शहाणपणाचं नाही. सूत्राने मोजायचं की काट्याने, हे मात्र पुढच्या मोजणीआधी ठरवून ठेवायला हवं.

दुसरी वस्तू तशी क्षुल्लक आहे, ८ मिलिमीटरचा षटकोनी डोक्याचा बोल्ट. संगणकात ३,१५० नग आणि डब्यांमध्ये ८,१०० नग. फरक ४,९५० नगांचा. गेट रजिस्टर पाहिलं, प्रत्येक नोंदीसमोर जीआरएन क्रमांक आहे. इश्यू स्लिपाही सगळ्या चढवलेल्या आहेत. कागद पूर्ण, तरी आकडा चुकतोय.

अशा वेळी आधी त्या फरकाच्या आकड्याकडेच नीट पाहावं. बोल्ट शंभराच्या बॉक्समध्ये येतात. समजा एखाद्या वेळी बॉक्सऐवजी नग अशी नोंद झाली, तर दर बॉक्समागे शंभराऐवजी एकच नग चढणार आणि ९९ नग सुटणार. तसं झालं असेल तर फरकाला ९९ ने निःशेष भाग जायला हवा. ४,९५० भागिले ९९ बरोबर ५०. मग ‘५०’ या आकड्याची पावती शोधायची. सॅपमध्ये `MB51` वर त्या वस्तूच्या सगळ्या हालचालींची यादी मिळते. यादीत १२ फेब्रुवारीची पावती दिसते, ५० नग. चलनावर लिहिलंय ५० बॉक्स. किलोच्या जागी ग्रॅम पडले असतील तर हाच ताळा ९९९ ने करून पाहायचा आणि माल ग्रोसने येत असेल तर १४३ ने. भाग गेला म्हणजे चूक सापडलीच असं नाही, कारण एखादा आकडा योगायोगानेही भागला जातो. पण हजारो नोंदींत शोधण्याऐवजी एका पावतीवर बोट ठेवता येतं, हे काही कमी नाही.

चूक झाली ती ऑर्डर टाकताना. वस्तूच्या मूळ नोंदीत एकक ‘नग’ असं होतं आणि ‘१ बॉक्स = १०० नग’ हे गुणोत्तर तिथे भरायचंच राहिलं होतं. खरेदी विभागातल्या माणसाने कोटेशन पाहून ५० आणि दर ४०० रुपये असं टाकलं. एकक संगणकाने आपोआप ‘नग’ घेतलं. स्टोअरवाल्याने चलनावर ५० पाहिलं, संगणकात ५० पाहिलं आणि पावती केली. हिशेब विभागाला बिल मिळालं २०,००० रुपयांचं, संगणकातही २०,०००. तीन माणसांनी तीन ठिकाणी तपासलं आणि तिघांच्याही दृष्टीने सगळं बरोबर होतं. एकक चुकलं की असंच होतं. रुपये जुळतात, त्यामुळे चूक कुणाच्या नजरेला येत नाही.

ती एका ठिकाणी मात्र दिसते, बोल्टच्या सरासरी दरात. पावतीच्या आधी ५,२०० बोल्ट होते, चार रुपये दराने २०,८०० रुपयांचे. त्यात संगणकाने ५० नग आणि २०,००० रुपये मिळवले. नग झाले ५,२५० आणि किंमत ४०,८०० रुपये. चार रुपयांचा बोल्ट एका रात्रीत पावणेआठ रुपयांचा झाला. महिनाअखेरीला कुणी फक्त दरांची यादी काढून ‘ज्यांचा दर दीडपट झाला किंवा निम्म्यावर आला अशा वस्तू दाखवा’ एवढं जरी म्हटलं असतं, तरी ही चूक फेब्रुवारीतच हाती लागली असती. मोजणीची वाट पाहायची गरजच नव्हती. माझ्या मते महागड्या स्कॅनरपेक्षा हा अर्ध्या तासाचा अहवाल जास्त उपयोगी आहे.

इथेही दोन मिनिटांचा मार्ग वापरला तर? संगणक ४,९५० बोल्ट वाढवतो, पण त्याला ठाऊक असलेल्या दराने, म्हणजे ७.७७ रुपयांनी. साठ्याची किंमत ३८ हजारांच्या वर वाढते आणि तेवढाच नफा पुस्तकात दिसतो. नग बरोबर झाले, ८,१००. त्यांची खरी किंमत चारच्या दराने ३२,४०० रुपये. पुस्तकात मात्र ते जवळपास ६३ हजारांचे दिसतात. बोल्टच्या बाबतीत हे चालूनही जाईल. हीच चूक तांब्याच्या तारेत किंवा आयात केलेल्या बेअरिंगमध्ये झाली तर नफ्यातोट्याचं चित्रच बदलतं. याच साठ्याचं विवरण बँकेला देऊन त्यावर कर्जाची उचल ठरत असते. म्हणजे नसलेल्या किमतीवर पैसे उचलले जातात.

योग्य दुरुस्ती म्हणजे चुकलेली पावती उलटवायची, सॅपमध्ये ती १०२ या प्रकाराने उलटते. मग ऑर्डरमधलं एकक सुधारायचं आणि पुन्हा १०१ ने ५० बॉक्सची पावती करायची. बिल आधीच नोंदवलेलं असेल तर तेही मागे घ्यावं लागतं, हिशेब विभागाला सोबत घ्यावं लागतं, म्हणून सगळे टाळतात. मधल्या काळात जे बोल्ट चढ्या दराने उत्पादनात गेले, त्यांचा खर्चही तपासून घ्यावा लागतो. शिवाय एकदा वस्तूच्या हालचाली सुरू झाल्या की मूळ एकक सहजासहजी बदलता येत नाही. त्यामुळे नवी वस्तू उघडतानाच विचारून घ्यावं की पुरवठादार कशात विकतो, आपण साठवतो कशात आणि उत्पादनाला देतो कशात. ही तीन उत्तरं वेगवेगळी असू शकतात. रंग लिटरने विकला जातो आणि कृतीच्या कागदावर किलोत लिहिलेला असतो. तिथे घनतेचं गुणोत्तर भरलं नाही तर दर डब्यामागे तफावत पडत राहते.

काही तफावती मात्र मुळात तफावती नसतातच. तपासणीसाठी वेगळा ठेवलेला माल संगणकात वेगळ्या रकान्यात दिसतो आणि एक्सेलमध्ये फक्त ‘वापरायला मोकळा’ हा रकाना उतरवला तर तो सुटतो. प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला गेलेला माल आपल्या आवारात नसतो, पण मालकी आपलीच असते. असा माल यादीत आला की मोजणारे शोधून थकतात. आधी अशा वस्तू बाजूला काढल्या तर निम्मी चिडचिड कमी होते.

हे सगळं करायचं तर मोजणी सुरू होण्याआधी एक रेघ मारावी लागते. शेवटचा जीआरएन क्रमांक, शेवटचं विक्री चलन आणि शेवटची इश्यू स्लिप हे तीन क्रमांक कागदावर लिहून त्यावर स्टोअर आणि हिशेब या दोघांच्या सह्या घ्याव्यात. रेघेच्या आत जे आलं ते संगणकात चढलेलं हवं आणि मोजलेलंही हवं. सॅपमध्ये मोजणीचा दस्तऐवज `MI01` ने करताना हालचाली रोखता येतात किंवा त्या क्षणाचा पुस्तकी साठा गोठवता येतो. उत्पादन थांबवणं शक्य नसेल तर मोजणीनंतर आलेला आणि गेलेला माल वेगळा टिपून ठेवावा. आलेला वजा करून, गेलेला मिळवून मोजणीच्या वेळेचा साठा काढता येतो. पावती नंतर केली आणि तारीख आधीची टाकली, तर संगणकात दोन तारखा राहतात, नोंदीची आणि हिशेबाची. जुळवणी करताना दोन्ही पाहाव्या लागतात. साठा गोठवलेला असेल तर नंतरची पावती त्या गोठवलेल्या आकड्यात दिसणारही नाही, तफावत तशीच उरलेली वाटेल.

शेवटी घट नोंदवावीच लागली तर ती फुकट नसते. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा खात्यातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) खाली मागे घ्यावं लागतं. केवळ कागद चढवायचा राहिला म्हणून कमी दिसणारा माल ‘घट’ म्हणून काढला, तर न हरवलेल्या मालाचंही क्रेडिट जातं. ज्या कंपन्यांना ऑडिट अहवालाचा कारो २०२० हा आदेश लागू आहे, तिथे कुठल्याही प्रकारच्या साठ्यात एकूण दहा टक्के किंवा त्याहून जास्त तफावत आढळली का आणि ती पुस्तकात नीट हाताळली का, हे ऑडिटरला लिहावं लागतं.

तेव्हा मार्चअखेरीला तुमच्यासमोर तफावतीची यादी आली, तर सही करण्याआधी तीन गोष्टी मागा. ज्या नोंदींसमोर जीआरएन क्रमांक नाही असं गेट रजिस्टरचं पान, न चढवलेल्या स्लिपांचा गठ्ठा आणि दर अचानक बदललेल्या वस्तूंची यादी. या तिन्ही तपासून झाल्याशिवाय `MI07` करू देऊ नका, ऑडिटर दारात उभे असले तरी.